माणूस करून दिलेला प्रबंध

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी चारठाण्याच्या आमच्या शाळेतल्या लॅबच्या मामांचं नाव घेतो. नाव घेतो म्हणजे 'लॅबचे मामा' एवढंच म्हणतो. सगळी शाळा त्यांना तेच म्हणायची. ते प्रयोगशाळा परिचर होते. काचेची नळकांडी धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, कपाटाला कुलूप लावणं हे त्यांचं काम. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, आणि अभ्यास कसा करायचा हे मला सरांनी जितकं शिकवलं त्याहून जास्त मामांनी शिकवलं.

आठवीत पाणी उकळायचा प्रयोग होता. थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या थोडं वर चढला आणि तिथंच थांबला. सगळ्या वर्गानं वहीत शंभर लिहिलं, कारण पुस्तकात शंभर होतं. मीही लिहिणार होतो. मामा मागं उभे होते.

"किती दिसालंय?"

"अठ्ठ्याण्णव. पण मामा, पुस्तकात शंभर हाय."

"पुस्तक उकळायलंय का पाणी उकळायलंय?"

"पाणी."

"मग पाण्याचं लिव. थर्मामीटर खोटा असंल तर तेबी लिव. पर दिसलं न्हाई ते लिवू नको."

मी अठ्ठ्याण्णव लिहिलं. सरांनी लाल शाईनं शंभर केलं आणि एक गुण कापला. आपलं गाव समुद्रापेक्षा उंचावर असल्यानं पाणी थोडं आधीच उकळतं, हे मला पुढं चार वर्षांनी कळलं. मामांना ते कारण कधीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त दिसलेलं माहीत होतं.

मामांनी अजून एक सवय लावली. प्रॅक्टिकलच्या वहीचं उजवं पान रेघांचं असतं आणि डावं कोरं. उजवीकडं पेनानं मजकूर, डावीकडं पेन्सिलीनं आकृती. मामा म्हणायचे, चुकलं तर उजवीकडं खोडायचं नाही. डाव्या पानावर लिहायचं काय चुकलं ते. ही सवय मी परभणीच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.पर्यंत नेली. माझा प्रबंधही आधी अशाच दोन जाड वह्यांत हातानं लिहिला, मग टाईप केला. वर्गातली मुलं हसायची. "ह्यानं अजून मोबाईल पाहिला न्हाई वाटतं," असं एकजण म्हणायचा, आणि माझं बॅलन्स संपलं की त्याचाच मोबाईल घेऊन मी आईला फोन करायचो.

माझा विषय मृदाशास्त्र. सोयाबीनला गंधक आणि जस्त दिल्यानं काय होतं, हे पाहायचं होतं. आठ प्रकारच्या मात्रा, प्रत्येकीची तीन वेळा पुनरावृत्ती, म्हणजे कॉलेजच्या शेतात चोवीस वाफे. त्यातल्या एका मात्रेत गंधकही नाही आणि जस्तही नाही. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी. कोणत्या वाफ्यात कोणती मात्रा टाकायची हे चिठ्ठ्या काढून ठरवायचं, म्हणजे चांगली जमीन एकाच मात्रेच्या वाट्याला येत नाही. एवढं कळलं की माझा प्रबंध कळला.

प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो. माझी इंग्रजी चारठाण्याची. मी छोटी छोटी वाक्यं लिहिली. जे केलं ते, ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं. 'अव्हेलेबल सल्फर' म्हणजे पिकाला घेता येईल असा जमिनीतला गंधक. तो शब्द जिथं जिथं लागला तिथं तिथं तोच लिहिला. एक कबुलीही इथंच द्यायला हवी. प्रस्तावनेतली दोन पानं मला जमत नव्हती. सोयाबीनचं देशाच्या अर्थव्यवस्थेतलं महत्त्व वगैरे. ती मी एआयकडून लिहून घेतली.

विभागात नियम असा की प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडं पाठवण्याआधी दोन दाखले जोडायचे. एक, चोरी केलेली नाही म्हणून. दुसरा नवा, यंत्रानं लिहिलेलं नाही म्हणून. दुसरा दाखलासुद्धा यंत्रच देतं. ग्रंथालयातल्या बाबूंनी माझी फाईल त्यात टाकली, चहाचा एक घोट घेतला आणि पडदा माझ्याकडं वळवला. पानंच्या पानं लाल होती, म्हणजे यंत्रानं लिहिलेली. माझी पद्धती लाल. माझे निष्कर्ष लाल. चिखलात उभं राहून मोजलेली फुलं लाल. हिरवी फक्त दोन पानं होती, सोयाबीनचं देशाच्या अर्थव्यवस्थेतलं महत्त्व.

"सर, ही लाल पानं मी लिहिली आहेत."

"मला कशाला सांगता? मशीनला सांगा."

"आणि ही हिरवी..." मी म्हणालो आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेलं बोललो नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडम तेव्हा तीन समित्यांवर होत्या. त्यांनी अहवालाचं फक्त पहिलं पान पाहिलं. "हा लाल आकडा खाली आण. मग मी सही करते."

"मॅडम, वह्या आणू का? हातानं लिहिलेलं आहे सगळं."

"वह्या अपलोड होत नाहीत रे."

घाई यासाठी होती की पूर्णेला एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत माझी निवड झाली होती. पण तोंडी परीक्षा पास झाल्याचं पत्र महिनाअखेरीपर्यंत दाखवायचं, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. पुढचा माणूस मला माहीत होता. तो दर दोन दिवसांनी फोन करून माझी तब्येत विचारायचा.

कॉलेजच्या फाटकासमोर प्रबंध टाईप करून, बांधून देणारं दुकान आहे. अर्ध्या परभणीच्या पदव्या तिथं स्पायरलमध्ये आणि मग काळ्या पुठ्ठ्यात बांधल्या गेल्यात. दुकानदार-भाऊंनी माझा लाल अहवाल पाहिला आणि हसले.

"हे तर रोजचंच हाय. ह्युमनायझर मारू."

"ते काय असतं?"

"माणूस करतंय. इकडून घालायचं, तिकडून माणसानं लिव्हल्यावानी निघतंय."

"भाऊ, पण ते माणसानंच लिहिलंय. मी."

"तुमी लिव्हलं, पर मशीनला वाटालंय ना मशीननं लिव्हलं. मशीन काय बघतंय? पुढचा शब्द वळखू आला, की ते म्हणतंय हे मशीनचं. सगळी वाक्यं सारख्या लांबीची दिसली, की मशीनचं. मग हे दुसरं मशीन काय करतंय? वळखू येणार न्हाई असा शब्द घालतंय. एक वाक्य लांब, एक आखूड. झाला माणूस."

त्यांचं बोलणं बरोबर होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. फक्त त्या वेळी मला एक गोष्ट सुचली नाही. आमच्या विषयात पुढचा शब्द ओळखू येणं हीच तर शिस्त आहे. 'अव्हेलेबल' म्हटल्यावर पुढं 'सल्फर'च यायला हवा. तो दरवेळी वेगळ्या कपड्यांत आला तर वाचणाऱ्याला वाटतं, वेगळा कोणी आला.

चहा होईपर्यंत प्रबंध माणूस झाला. मी दोनचार पानं चाळली. इंग्रजी भारी वाटत होती. जे मला कळत नव्हतं ते मला उच्च दर्जाचं वाटलं. पहिल्या पिढीच्या पदवीधराची ही जुनी खोड आहे. ग्रंथालयात पुन्हा तपासलं तर सगळं हिरवंगार. बाबू म्हणाले, "आता कसं माणसावानी वाटतंय." मॅडमनी सही केली. प्रबंध परीक्षकांना गेला. मी मामांना कळवलं की काम झालं.

परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले, निवृत्तीला आलेले. तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यांना स्टेशनवरून आणायला मीच गेलो. ही आमच्याकडची रीतच आहे; ज्याला फासावर जायचं त्यानंच रिक्षा ठरवायची. रस्त्यात त्यांनी पावसाचं विचारलं, पिकांचं विचारलं. प्रबंधाबद्दल एक शब्द नाही. मांडीवरच्या पिशवीत माझा प्रबंध होता आणि त्यातून कागदाचे इतके कपटे बाहेर आले होते की तो पिसं फुलवलेल्या कोंबड्यासारखा दिसत होता.

विभागप्रमुखांच्या खोलीत पोहे आले. मॅडम, प्रमुख, परीक्षक आणि समोर मी. परीक्षक सरांनी पहिला कपटा काढला.

"तुम्ही इथं लिहिलंय की वाफ्यांना मात्रा मनाला येईल तशा वाटल्या."

"नाही सर. चिठ्ठ्या काढल्या होत्या. रँडमाइज केलं होतं."

"इथं 'हॅपहॅझर्ड' लिहिलंय. म्हणजे कशाही. चिठ्ठी काढणं आणि कशाही टाकणं यात फरक आहे की नाही?"

"आहे सर."

"बरं. जमिनीत गंधक किती होता, हे पान चाळीसवर 'अव्हेलेबल सल्फर' आहे. एकेचाळीसवर 'रीचेबल ब्रिमस्टोन', म्हणजे हात पोचेल असा गंधक, आहे. बेचाळीसवर 'टोटल सल्फर' आहे. तिन्ही ठिकाणी आकडा एकच. अव्हेलेबल आणि टोटल एक कसे होतील? एकूण गंधकातला थोडाच पिकाला मिळतो. ही तीन मोजमापं आहेत का एक?"

"एकच सर. अव्हेलेबल."

"मग बाकीचे दोन पाहुणे कुठून आले?"

विभागप्रमुख पोह्यातला शेंगदाणा शोधू लागले. मॅडम प्रबंधाकडं अशा पाहत होत्या, जणू तो आजच भेटतोय. आणि खरं सांगायचं तर तो आजच भेटत होता.

सरांनी पुढचं पान उघडलं. "झिंक सल्फेटची फवारणी. काय लिहिलंय, वाचा."

मी वाचलं. वाक्याचा अर्थ असा होता की फुलोऱ्याच्या सुरुवातीला झिंक सल्फेटचा अर्धा भाग फवारला, आणि चुन्यानं त्याची समजूत काढली.

"उरलेला अर्धा कोणासाठी ठेवला?"

माझ्या मूळ वाक्यात होतं, शून्य पूर्णांक पाच टक्के झिंक सल्फेट, चुन्यानं आम्लता उतरवून. यंत्रानं अर्धा टक्का घेतला, त्यातला टक्का टाकून दिला आणि अर्धा ठेवला. वाचायला वाक्य झुळझुळीत झालं होतं. एखाद्यानं ते शेतात करून पाहिलं असतं तर पानं करपली असती, नाहीतर काहीच झालं नसतं; कारण किती पाण्यात किती, हेच उरलं नव्हतं.

"आता शेवटचं," सर म्हणाले. "सारांश. 'शेतकऱ्यांनी ही मात्रा निःसंशय वापरावी.' किती हंगाम प्रयोग केला?"

"एक सर."

"एका हंगामावर निःसंशय?"

माझ्या वहीत होतं, 'एकाच हंगामाचे निष्कर्ष असल्याने पुन्हा तपासणी करावी.' तेवढा संकोच यंत्राला आवडला नसावा.

सरांनी चष्मा काढला. "तुमचे तक्ते मी तीनदा पाहिले. एकही आकडा हललेला नाही. तक्त्यात लिहिलंय कंट्रोल, मजकुरात त्याच वाफ्याला 'गव्हर्नन्स पार्सल', म्हणजे राज्यकारभाराचा तुकडा, म्हटलंय. तक्ता केलेला माणूस आणि मजकूर लिहिलेला माणूस एकमेकांना भेटलेले दिसत नाहीत. साधी, मोडकी इंग्रजी मी आयुष्यभर वाचत आलोय. त्यातून पोरानं काय केलं ते कळतं. यातून मला एवढंच कळलं की याला स्वतःचा प्रयोग ठाऊक नाही. मी याला पास कसं करू?"

मला पूर्णेचा तो पुढचा माणूस दिसला, माझी तब्येत विचारताना.

मी म्हणालो, "सर, दिसलेलं सांगू का?" आणि सगळं सांगितलं. लाल पानं, हिरवी पानं, दुकान, चहा. प्रस्तावनेची दोन पानं माझी नाहीत, हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अरे, हे मला नाही का सांगायचं?" मी म्हणालो, "मॅडम, वह्या आणू का म्हटलं होतं." त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "जा, घेऊन ये."

वसतिगृहातून वह्या आणेपर्यंत माझी चप्पल तुटली. अनवाणी खोलीत शिरलो. सरांनी पहिली वही उघडली आणि बराच वेळ डावीच पानं वाचत बसले.

"हे काय? 'वाफा सतरा, पन्नास टक्के फुलोऱ्याची तारीख चुकीची लिहिली. निम्मी फुलं उमलली ती तारीख लिहिली होती. निम्म्या झाडांना फूल दिसलं ती हवी. ती दोन दिवस आधीची.'"

"सर, चूक झाली होती. शाळेत आमच्या लॅबच्या मामांनी सांगितलं होतं, खोडायचं नाही, डावीकडं लिहायचं."

"तुमच्या छापील प्रबंधात पुन्हा 'निम्मी फुलं' झालंय, माहीत आहे?"

"आता माहीत झालं सर."

सर पहिल्यांदा हसले. वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "दहा लिटर पाण्याला झिंक सल्फेट किती?"

"पन्नास ग्रॅम सर."

"चुना?"

"पंचवीस ग्रॅम. भिजवून, गाळून, त्याची निवळी."

"चुना का?"

"नुसतं फवारलं तर पानं करपतात सर."

"दोन मात्रांच्या उत्पादनात फरक होता, तरी तुम्ही त्या सारख्याच मानल्या. का?"

"फरक होता, पण योगायोगानं पडू शकेल एवढाच होता सर. क्रिटिकल डिफरन्सच्या आत."

"छापील पुस्तकात त्याला 'गंभीर मतभेद' म्हटलंय."

"सर, आमच्या वाफ्यांत कोणाचेच मतभेद नव्हते."

तासभर विचारलं. मला सगळं येत होतं, कारण सगळं मीच केलं होतं. शेवटी सरांनी अहवालावर लिहिलं: तोंडी परीक्षा उत्तीर्ण, मात्र पद्धती, निष्कर्ष व सारांश ही प्रकरणं हस्तलिखित वहीप्रमाणे पुन्हा टाईप करून सादर करावीत, प्रस्तावना विद्यार्थ्यानं स्वतः लिहावी, त्यानंतरच पत्र द्यावं.

महिना संपायला नऊ दिवस होते. प्रस्तावना मी दीड पानात लिहिली: आमच्या भागात सोयाबीन होतं, जमिनीत गंधक कमी सापडतो, म्हणून हा प्रयोग केला. बाकी वहीतून जसंच्या तसं टाईप केलं. दुकानदार-भाऊ म्हणाले, "भाऊ, हे पुन्हा लाल दाखवील." मी म्हटलं, "दाखवू द्या."

लाल दाखवलंच. बाबूंनी फाईल परत सरकवली. "आकडा बसत न्हाई. नियम हाय." तेव्हा मॅडम स्वतः ग्रंथालयात आल्या. दोन्ही वह्या त्यांच्या काखेत होत्या. त्यांनी त्या बाबूंच्या टेबलावर ठेवल्या, परीक्षकांचा अहवाल वर ठेवला आणि म्हणाल्या, "हा नियम मी होते त्याच समितीनं केलाय. नोंदीत लिहा, मार्गदर्शकानं हस्तलिखित तपासलं. सही मी करते. आणि या वेळी मी वाचलंय."

पत्र महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मिळालं. परभणीहून पूर्णेची गाडी पकडली, मधल्या पिंगळी स्टेशनात ती नेहमीसारखी थांबून राहिली, आणि कार्यालय बंद व्हायच्या थोडं आधी मी ते पत्र टेबलावर ठेवलं. पुढच्या माणसाचा फोन त्यानंतर आला नाही. त्याचं वाईटही वाटलं.

एक गोष्ट राहिली. ऋणनिर्देशाचं पानही त्या दिवशी दुकानात यंत्रातून गेलं होतं. मामांबद्दल मी एक ओळ लिहिली होती. तिचं काय झालं हे मला पक्की प्रत बांधताना दिसलं. मामांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांना पत्र पाठवलं. त्याची नक्कल वहीच्या डाव्या पानावर आहे.

"मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी पूर्णेला नोकरीवर रुजू झालो. खोली स्टेशनजवळ हाय, जेवणाची सोय झाली. आईला सांगितलंय, तुम्हालाबी सांगतो, काळजी करू नका.

मागं मी तुम्हाला काम झालं म्हणून कळवलं, ते खरं न्हवतं. मी माझं लिहिलेलं एका यंत्रात घातलं होतं आणि त्यातून जे निघालं ते न वाचता सही करून दिलं. त्यात माझ्या फवारणीचा टक्का हरवला. परीक्षेत मला जवळजवळ घरी पाठवलं होतं. मग वह्या दाखवल्या, डाव्या पानांसहित. साहेबांनी तुमच्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, आमच्या शाळेत लॅबला आहेत.

प्रबंधाच्या सुरुवातीला ज्यांचे उपकार असतात त्यांचं लिहितात. तुमच्याबद्दल यंत्रानं असं छापलं होतं: 'कार्यशाळेतील एका वयस्कर नातलगाने लेखकाला दृश्य अनुभव नोंदवण्याच्या कलेकडे वळवले.' ते मी काढलं. आता असं हाय: 'शाळेतल्या लॅबच्या मामांनी मला, दिसलं ते लिहायला शिकवलं.' इंग्रजीत हाय, पर अर्थ एवढाच. पान सोबत पाठवतोय. हेडसरांकडून वाचून घ्या, पण त्यांना सांगा जास्त सजवून सांगू नका म्हणून.

इथल्या प्रयोगशाळेत परवा पाणी उकळलं. अठ्ठ्याण्णवच्या थोडं वर थांबलं. नोंदवहीत आधीच्या माणसानं शंभर लिहिलेलं होतं. मी त्याचं खोडलं न्हाई. माझ्या ओळीत माझं लिहिलं.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळवा. मी त्या दिवशी सुट्टी टाकून येतो.

तुमचा,
आठवी ब मधला"